मेटोप्रोलॉलच्या उरलेल्या चार गोळ्या

फिलिपाइन्समधल्या पनाय बेटावरच्या त्या गावात अख्खं पाकीट औषध घेणारं माणूस विरळाच. कुणी दोन गोळ्या मागतो, कुणी चार. त्यामुळे रोसेंदा मागबानुआच्या औषधाच्या दुकानात तराजू नव्हता, पण कात्री होती, आणि ती दिवसभर चालायची. पत्र्याची पट्टी उचलायची, मागितल्या तेवढ्या गोळ्या कापून द्यायच्या, उरलेला तुकडा खणात परत. सत्तावीस वर्षं हेच. फार्मसीची पदवी भिंतीवर टांगलेली होती खरी, पण सेंदाला तिच्यापेक्षा आपल्या हाताचा अभिमान जास्त. "मला चष्मा नको गं, माझी बोटंच वाचतात," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. माणसाला कशाचा गर्व असावा याला काही धरबंध नाही.

अशातच कंपनीने वेष्टनं बदलली. साखरेवरची मेटफॉर्मिन आधी हिरव्या पट्टीत यायची, रक्तदाबावरची मेटोप्रोलॉल लाल पट्टीत. आता दोन्ही चंदेरी, दोन्हींवर निळी अक्षरं, गोळ्याही पांढऱ्या, गोल. सेंदाचे खण नावाच्या क्रमाने लावलेले, म्हणजे दोघी शेजारणी. नाव पट्टीवर तिरपं छापलेलं. कात्री फिरली की तुकड्यावर अर्धंच उरायचं. एका गर्दीच्या सकाळी एका खणातला तुकडा दुसऱ्यात गेला. कुणाच्या लक्षात येणार? तिच्याच यायला हवं होतं.

नोंग दुल्फो, म्हणजे दुल्फोदादा, म्हाताऱ्या मासेमाऱ्यांपैकी एक. साखर होती, आणि दमा जुना. आठवड्याच्या चौदा गोळ्या त्याची बायको पासिंग घेऊन गेली. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा श्वास अडकला. दम्याचा फवारा ओढला, पुन्हा ओढला, उतार पडेना. तीनचाकीतून इस्पितळात नेताना वाटेतच तो गेला. "दम्यानंच घात केला," गाव म्हणालं. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला सेंदा रोज गेली, सगळ्यांना कॉफी वाटली, पासिंगबरोबर रडली.

दहाव्या दिवशी पासिंग दुकानात आली. रुमालाची गाठ सोडून तिने काउंटरवर चार गोळ्या ठेवल्या.

"इंदाय, पोरी, ह्या उरल्या बघ. कुणा गरिबाला देऊन टाक. वाया कशाला?"

सेंदाने तुकडा उचलला. बोटांना काही कळलं नाही. तिने तो उजेडात धरला, ड्रॉवरमधला चष्मा शोधून काढला आणि लावला. कापलेल्या कडेपाशी 'मेटो' एवढंच उरलं होतं. तेवढं पुरे होतं. दमेकऱ्याला ही गोळी म्हणजे छातीच्या नळ्या आवळणारी. ती अंगात असताना फवाराही नीट चालत नाही. हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, तेव्हा चांगले गुण मिळाले होते.

केराची टोपली पायाशीच होती. तुकडा त्यात टाकला असता तर जगात कुणालाही कळलं नसतं. दुल्फो पुरला गेला होता, दोष दम्यावर गेला होता, समोरची बाई तर आभार मानायला आली होती. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल.

"नांग पासिंग, ताई, बस इथे," ती म्हणाली. "ही त्याची गोळी नाही. साखरेची नाही. मी चुकीची कापून दिली. दम्याच्या माणसाला चालत नाही ही. तो... माझ्यामुळे गेला."

पासिंग ओरडेल, झिंज्या धरेल, निदान शाप तरी देईल, म्हणून सेंदा वाट बघत होती. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे ह्याच गोळीनं?"

"ह्याच. मी आरोग्य केंद्रात कळवणार आहे. परवाना गेला तर जाऊ दे. तू तक्रार कर, मी सही करीन."

पासिंगने ते ऐकलंच नाही बहुतेक. ती चार गोळ्यांवर बोट फिरवत होती.

"त्या दिवशी तो नको म्हणत होता गं. म्हणाला, ही घेतली की छाती दाबल्यासारखी होते. मी म्हटलं, नाटकं करू नकोस म्हाताऱ्या, गोळी चुकवायची नाही, सेंदानं बजावलंय. जबडा धरून घातली मी त्याच्या तोंडात."

"नांग, तुझा काही दोष नाही. चूक माझी."

"तुझी असेल," पासिंग म्हणाली. "पण वरून पाणी मीच पाजलं ना."

सेंदा काउंटरच्या बाहेर आली. तिने हात धरू पाहिला, तर म्हातारीने तो हळूच सोडवून घेतला आणि दाराकडे चालू लागली.