पनवेलकरहो

नव्वदच्या दशकात पनवेलात कुठलाही कार्यक्रम असला की सूत्रसंचालनाला मला बोलवत. मी शाळेत मराठी शिकवायची आणि आवाज खणखणीत होता. माझं ‘बंधू आणि भगिनींनो’ ऐकून मागच्या रांगेतल्या गप्पा थांबायच्या, आणि याचा मला चांगलाच गर्व होता.

म्हणून नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई घरी येऊन ‘या वेळी सुरुवात बदला’ म्हणाल्या, तेव्हा मी चिडलेच. क्षयरोगाच्या शिबिराचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. बाजारात दुकानोदुकानी टाळ्या वाजवत फिरणारे तृतीयपंथी तिथे येणार होते. त्यांच्यातली एक पोरगी दोन महिने खोकत होती, पण दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती.

त्यांची म्होरकी डॉक्टरीणबाईंबरोबर आली होती. सगळा बाजार तिला मावशी म्हणायचा. चहाची बशी हातात धरून ती शांतपणे म्हणाली, “बाई, गेल्या साली आमी एका सभेला गेलो. भाषनवाला बंधू आनि भगिनी बोलला, तर पाठून एक जन वरडला, ‘आन् ह्ये कोन?’ सगली आमच्याकडं बगून हासली. पोरगी तवापासून कुठं येत नाय.”

मी कागद काढला. ‘सज्जनहो’ म्हणावं, तर बायकांना वाटतं, आपल्याला नाही बोलवलं. ‘मित्र-मैत्रिणींनो’ म्हणजे पुन्हा दोनच रकाने. ‘रसिकहो’ म्हणायला ते काही नाटक नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बंधू-भगिनींच्या पुढे ‘तृतीयपंथीयांनो’ जोडा की.”

“नको,” मावशी म्हणाली. “आमाला येगलं काडलं का पुन्ना सगल्यांच्या माना वलतात. सगल्यांना बोलाल त्यातच आमाला घ्या.”

शेवटी मी ‘पनवेलकरहो’ लिहिलं. उरणहून कोणी आलं तर, अशी शंका डॉक्टरीणबाईंनी काढली. मी म्हटलं, “पनवेलात येऊन बसलाय ना, मग त्या दिवसापुरता पनवेलकर!” मावशीने तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. “आमाला असं कोन बोललं नाय अजून,” ती म्हणाली.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. खुर्च्या नेहमीसारख्या, डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. मावशीची माणसं सगळ्यात मागे, दाराजवळ. ती पोरगी अगदी टोकाला, पदर तोंडाशी धरून. तपासणीच्या टेबलावर थुंकीच्या नमुन्याच्या डब्या मांडलेल्या होत्या. सभा संपली की ती डबी घेईल, असं तिने मावशीला कबूल केलं होतं.

“पनवेलकरहो, नमस्कार,” मी म्हणाले. एकही मान वळली नाही, कोणी हसलं नाही. पोरीने तोंडावरचा पदर खाली घेतला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मी क्षयाची माहिती सांगत होते, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, अर्धा तास उशिरा, मागे हारवाले आणि फोटोवाले. पाहुणे उशिरा आले की सुरुवात नव्याने करायची ही आमच्याकडची रीत. धावपळीत कागद खुर्चीवरच राहिला. मी माइकसमोर उभी राहिले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून खणखणीत निघालं, “बंधू आणि भगिनींनो!”

“आन् ह्ये पाठचे?” डावीकडून कोणीतरी ओरडलं. सभागृह हसलं. पाहुणेही हसले, बहुधा न कळून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकले,” मी माइकवरच म्हणाले. “पुन्हा सुरुवात करते. पनवेलकरहो.” या वेळी सगळे गप्प होते. मागे टोकाची खुर्ची मात्र रिकामी होती.

मावशी गेली नाही. तिची पाळी आल्यावर ती व्यासपीठावर चढली आणि माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “पनवेलकरांनो, खोकला आसंल तं लपवू नका. दवा फुकट हाय.” तिला टाळ्या मिळाल्या. तिच्या मंडळींपैकी चौघांनी तपासणीही करून घेतली.

निघताना मी तिची माफी मागितली. “तुमी निस्तरलं, आमी बघितलं,” ती म्हणाली. “पन एकदा हासले ना बाई, मंग पुडचं काय ऐकू येत नाय.”

त्यानंतर मी कुठल्याही सभेत चुकले नाही. शब्द तळहातावर लिहून जायची. लोक कौतुक करायचे, बाई, तुमची सुरुवात छान असते. मला मात्र दर वेळी ते टेबल आठवायचं. खुर्च्या उचलून झाल्या तरी डॉक्टरीणबाईंनी एक डबी तिथेच ठेवली होती. दिवे मालवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती पिशवीत टाकली.