स्विचच्या चिन्हावरचं वर्तुळ

विद्युत निरीक्षण खात्याची चौकशी सकाळी अकराला आमच्या सोलर प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये ठेवली होती. प्लांटची इन्चार्ज म्हणून टेबलावर मी चार गोष्टी मांडल्या: भिंतीवरून काढून आणलेला, वीजजोडणी चिन्हांत दाखवणारा सिंगल लाइन डायग्राम, प्लांटचा ताबा घेतानाची तपासणी-यादी, देखभालीच्या कामांची माझी यादी, आणि त्या दिवसाचं लॉगबुक. प्लांट उभारणाऱ्या कंपनीचा इंजिनियर नागपूरहून आला होता. त्याने बसण्याआधीच टाइप केलेला एक कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, सही मारा. साहेब येण्याआधी निपटून टाकू."

कागदावर चार ओळी होत्या. कर्मचाऱ्याने इन्व्हर्टर बंद न करता चालू लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, आयसोलेटर उघडला, डायग्राम समजून घेतला नाही, त्यामुळे तो स्वतःच्या चुकीने भाजला. मी सही केली तर आमच्या टेक्निशियनचा वायरमन परवाना रद्द होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. परवाना गेला की या जिल्ह्यात कुठल्याही प्लांटचं फाटक त्याच्यासाठी उघडलं नसतं.

"साहेब आल्यावर बघू," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्हाले झगडा पाहिजे."

"तुम्ही कागद आधी टाइप करून आणला. झगडा तुम्ही आणला."

आमचा प्लांट कुरखेड्याच्या रस्त्याला आहे. तिन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, चौथ्या बाजूला जंगल. अपघात एप्रिलमध्ये झाला. मोहफुलं वेचून बायका परतत होत्या, म्हणजे ऊन चांगलं वर आलं होतं. सातव्या कंबाइनर बॉक्सच्या एका स्ट्रिंगचा करंट शून्य दिसत होता. पॅनेलांच्या एका ओळीला स्ट्रिंग म्हणतात. अशा सोळा स्ट्रिंगच्या तारा एका बॉक्समध्ये येतात आणि तिथून एकच जाड केबल इन्व्हर्टरकडे जाते. करंट शून्य म्हणजे बहुतेक फ्यूज उडालेला. फ्यूज बदलणं हे आठवड्याच्या कामातलं काम. माझ्या यादीत त्याचे पाच टप्पे होते. पहिला, बॉक्सचा स्विच बंद करा, म्हणजे आमच्या भाषेत 'उघडा'. दुसरा, क्लॅम्प मीटरने करंट शून्य आहे का ते बघा. तिसरा, मगच फ्यूज काढा. पुढचे दोन नवा फ्यूज घालण्याचे आणि नोंदीचे. इन्व्हर्टर बंद करा, असं यादीत नव्हतं. एका बॉक्ससाठी सगळा प्लांट कशाला थांबवायचा, त्यासाठीच तर बॉक्सला स्वतःचा स्विच दिलेला असतो.

टेक्निशियनने पहिला टप्पा केला आणि बॉक्समध्ये जाळ उठला. हातमोजे होते, म्हणून बोटं वाचली. मोज्याच्या वर, मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गेली.

निरीक्षण खात्याचे साहेब साडेअकराला आले. त्यांच्या मागून टेक्निशियन आला, उजवा हात गळ्यात बांधलेला. वय चाळिशीकडे झुकलेलं. आधी गावोगावच्या मोटारपंपांची वायरिंग करायचा. माझ्याकडे बघून नमस्कार केला नाही. खुर्ची दाखवली तरी उभाच राहिला.

इंजिनियरने सरळ त्याच्यावर धरलं. "भाऊ, तुले डायग्राम वाचता तरी येते का? का नुसता भिंतीवर लटकवला म्हणून पाहून राह्यला होता?"

"येते."

"मग वाचून दाखव न. साहेबांले पण कळू दे."

डायग्राम साहेबांनी टेबलाच्या मधोमध ओढला. टेक्निशियन पुढे झाला आणि डाव्या हाताचं बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं.

"ह्या सोलरच्या पाट्या. इथून उलटा वाचत जातो साहेब, वीज जिकडून येते तिकडून."

"वाच," साहेब म्हणाले.

"हे लांबट चौकोन, मधातून रेघ गेली, हे फ्यूज. प्लसले एक, मायनसले एक. एका स्ट्रिंगमंधी बिघाड झाला त बाकीच्या पंधरा त्याच्यातच करंट घुसवतेत, उलटा. मंग तिची तार जळते. ती जळू नये म्हणून फ्यूज उडते."

"पुढे."

"हा चौकोन, बाण जमिनीकडं. हा सर्जवाला. वीज कडाडली त जास्तीचं व्होल्टेज जमिनीत सोडते. हा गेला त खिडकी लाल होते. इथी रोज पाहाव लागते."

इंजिनियर हसला. "पाठ करून आला वाटते."

"तुमी इचारलं म्हणून सांगून राह्यलो," तो न बघता म्हणाला. बोट वर सरकलं. "हा इन्व्हर्टर, डीसीचा एसी करते. हे दोन गोल एकमेकांत अडकलेले, ट्रान्सफॉर्मर. अकरा केव्ही होते. मंग हा फुली मारलेला, ब्रेकर. बिघाडाचा करंट तोडाची ताकत ह्याच्यातच आहे. पण ह्याले स्वतःले काही दिसत नाई. हा रेघेवरचा गोल सीटी, तो करंट मोजून रिलेले सांगते, रिले ह्याले म्हणते, उघड. हे रिलेचे नंबर: पन्नास म्हणजे झटक्यात, एक्कावन म्हणजे थोडं थांबून. सत्तावीस आन् एक्क्याऐंशी, व्होल्टेज आन् फ्रिक्वेन्सी. बाहेरची लाइन गेली त आपण बंद झालो पाहिजे, नाईत खांबावरचा लाइनमन मरते."

"आणि ब्रेकर उघडला की पॅनेल बंद?" साहेबांनी पहिल्यांदाच काही विचारलं.

"नाई साहेब. पाट्या बंद होतच नाईत. ऊन आहे तोवर बॉक्समधी हजाराच्या वर व्होल्ट असतेच."

साहेब डायग्रामवर वाकले. मग म्हणाले, "एक चिन्ह तू सोडलंस."

"सोडलं नाई. शेवटी ठेवलं."

त्याचं बोट परत खाली आलं, फ्यूज आणि इन्व्हर्टर यांच्या मध्ये. तिथे स्विचची तिरपी रेघ होती, टोकाला आडवी दांडी, आणि दांडीला चिकटून एक बारीक वर्तुळ.

"नुसती दांडी असती त आयसोलेटर. तो चालू करंटवर उघडाचा नाई. डीसी आहे, एसीसारखा मधी शून्यावर येत नाई, जाळ इझत नाई. पण इथी गोल आहे. गोल म्हणजे लोड तोडणारा स्विच. हा चालू प्लांटवर बंद करता येते. मी हाच बंद केला."

इंजिनियरने बॅग उघडून दुसरा कागद काढला आणि आमच्या डायग्रामवर ठेवला.

"साहेब, ही लेटेस्ट कॉपी. बघा. कुठी आहे गोल?"

नव्हता. कागद तोच, चौकट तीच. त्या एका चिन्हावर फक्त दांडी होती.

"सह्या कुठे आहेत यावर?" साहेबांनी विचारलं.

"रिव्हिजन आहे साहेब, सह्या व्हायच्या आहेत."

"अपघाताला तीन आठवडे झाले. ही कधी छापली?"

"ऑफिसकडून आली, मले नाई माहीत."

साहेबांनी तो कागद उलटा करून ठेवला आणि उठले. "सातवा बॉक्स दाखवा."

आम्ही चौघं पॅनेलांच्या रांगांमधून चालत गेलो. बॉक्सच्या तारा आता दोन्ही बाजूंनी सोडवलेल्या होत्या, आत काजळी. साहेबांनी स्विच बाहेर काढायला लावला आणि रुमालाने त्याच्या कडेची पट्टी पुसली. धातूची, नखाएवढ्या अक्षरांची. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली: डीसी-२०. म्हणजे फक्त लोड नसताना उघडायचा. डायग्रामवरच्या वर्तुळाप्रमाणे तिथे लोडवर उघडता येणारा असायला हवा होता.

मग त्यांनी पहिला बॉक्स उघडायला लावला. तिथली पट्टी बरोबर होती. दुसऱ्याचीही. सहाव्यापर्यंत बरोबर. आठव्यात पुन्हा डीसी-२०.

"माल कमी पडला होता का?" साहेबांनी इंजिनियरला विचारलं.

तो माझ्याकडे वळला. इतका वेळ तो हसत होता, आता हसत नव्हता. "साहेब, माल कमी पडो का जास्त पडो, ताबा कोणी घेतला? आठही बॉक्स डायग्रामप्रमाणे आहेत, असं कोणी लिहून दिलं? मॅडमले विचारा. आठ टिका आहेत, आठांवर सही आहे. आम्ही कोणाचा हात पकडला नाई."

त्याने ही गोष्ट शेवटासाठी राखून ठेवली होती, आणि ती खरी होती. ताब्याच्या दिवशी मी पहिला बॉक्स उघडला, पट्टी वाचली, खूण केली. दुसरा उघडला, पट्टी वाचली, खूण केली. उरलेल्या सहांची दारं बाहेरून बघितली. रंग तोच, कुलूप तेच, बाहेरचं लेबल तेच. सहा खुणा एका दमात केल्या. संध्याकाळी पाचला मला आलापल्लीला दुसऱ्या साइटवर पोहोचायचं होतं. नंतर त्याच डायग्रामवरून मी फ्यूज बदलण्याची यादी केली. वर्तुळ आहे म्हणून इन्व्हर्टर थांबवण्याचा टप्पा गाळला.

साहेब वाट बघत होते. टेक्निशियनही बघत होता, पण माझ्याकडे नाही, स्विचकडे.

"सहा बॉक्स मी उघडले नाहीत," मी म्हणाले. "न उघडता खूण केली. आणि याने केलं ते माझ्या यादीत लिहिलं होतं तसंच केलं. इन्व्हर्टर बंद करायचा टप्पा मी लिहिला नव्हता."

"हे लिहून द्याल?"

"देते."

इंजिनियर माझ्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून राह्यल्या, बाई? एका वायरमनसाठी?"

"तुमच्या दोन बॉक्सचंही त्याच कागदावर लिहिणार आहे," मी म्हणाले. "आणि तुमच्या सही नसलेल्या रिव्हिजनचंही."

"मग बघतो तुम्ही या लायनीत कशा राहता."

कंट्रोल रूममध्ये येऊन मी एक पान लिहिलं. साहेबांनी वाचलं, दोन ठिकाणी तारीख टाकायला लावली आणि फायलीत घातलं. निकाल पंधरा दिवसांनी आला. दोन्ही बॉक्सचे स्विच कंपनीने स्वखर्चाने बदलायचे. टेक्निशियनचा परवाना कायम. मला पुढच्या आदेशापर्यंत कुठल्याही प्लांटचा ताबा घेण्याचे अधिकार नाहीत. इन्चार्जचं काम मात्र राहिलं, कारण दुसरं कुणी इथे यायला तयार नव्हतं.

चौकशीच्या दिवशी फाटकापाशी मी टेक्निशियनला गाठलं होतं. काही बोलायला हवं असं वाटत होतं. त्याने बोलू दिलं नाही.

"तुमी खरं सांगितलं, तुमच्यासाठी सांगितलं," तो म्हणाला. "मी तुमची यादी वाचली होती, बाई. एकेक अक्षर वाचलं होतं. तुमी डबा उघडला नोता."

जूनच्या शेवटी तो कामावर परत आला. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या बॉक्सचा फ्यूज गेला. मी नवी यादी छापून ठेवली होती. पहिलाच टप्पा: इन्व्हर्टर थांबवा. त्याने कागद हातात घेतला नाही.

"आधी तुमी या," तो म्हणाला.

मी त्याच्याबरोबर तिसऱ्या बॉक्सपर्यंत गेले. इन्व्हर्टर थांबला होता. हातमोजे चढवले, कुलूप काढलं, दार उघडलं आणि स्विचवरची पट्टी मोठ्याने वाचली.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचली.