चंदेरी चिमटा

हरिश्चंद्र शिगवण यांना माणसांबद्दल चांगले बोलता येत नसे, आणि ते शिकून घ्यावे अशी निकड त्यांना उभ्या आयुष्यात कधी भासली नव्हती. कोकणातल्या लोटे इथल्या औद्योगिक वसाहतीत थिनर आणि सॉल्व्हंट ड्रमांत भरून देणाऱ्या एका कारखान्यात ते भरणा विभागाचे मुकादम होते. विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड, टाकीतून आलेला पाइप, त्याला एक व्हॉल्व्ह आणि रिकाम्या ड्रमांची रांग. एवढ्या राज्यावर त्यांनी जो दरारा बसवला होता तो पाहून कंपनीच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा शेडजवळून जाताना हॉर्न वाजवीत नसे. वाजवलाच तर हरिश्चंद्र बाहेर येऊन इतकेच विचारीत, “गाय हाकतोस काय रे?”

त्यांच्या तुच्छतेला एक मोजमाप होते. माणूस कोणत्या गावचा, किती शिकलेला, कोणाचा कोण, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तो चिमटा कसा लावतो, एवढेच ते पाहत.

चिमटा म्हणजे पितळेची, दात असलेली, मजबूत स्प्रिंगची पकड. तिच्यापासून निघालेली जाड वायर भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला जाई. त्याच पट्टीला भरण्याचा पाइपही जोडलेला होता आणि पट्टीचे टोक अंगणातल्या खड्ड्यात, मीठ-कोळशाच्या थरांत, खोल गाडलेले होते. पाइप, ड्रम आणि जमीन असे तिन्ही एका धाग्यात ओवले की मगच ड्रमचे बूच काढायचे, आणि बूच पुन्हा घट्ट बसल्याशिवाय चिमटा काढायचा नाही. टोल्युइनसारखा सॉल्व्हंट पाइपातून वाहताना वीज अंगावर घेतो आणि ती घेऊनच ड्रममध्ये उतरतो. तिला जमिनीची वाट मिळाली नाही, तर ती ड्रमवर साठत राहते आणि एका क्षणी पाइपाच्या तोंडाकडे उडी मारते. नेमकी तिथेच वाफ असते. पुढचे सांगायला माणूस शिल्लक राहीलच असे नाही.

ही विद्या त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या खोलीत राहणारा भागोजी नावाचा, त्यांच्याच संगमेश्वराकडचा गडी व्हॉल्व्हला लोखंडी बादली सुतळीने टांगून थिनर काढत होता. सुतळीमुळे बादली अधांतरी. ना पाइपाशी नाते, ना जमिनीशी. डोळ्यांसमोर एक निळसर भडका उठला. हरिश्चंद्रांनी ओले गोणपाट टाकून त्याला झाकले. भागोजी जगला, गावी गेला, आणि पुढे त्याला भाताची मूठ आवळता आली नाही. हरिश्चंद्र त्याच्याविषयीही गोड बोलत नसत. “सुतळी बांधलान्,” ते म्हणत, “म्हशीला बांधतात तशी.” एवढे म्हणून ते दुसरीकडे बघत.

शेडमधल्या माणसांची एक लाडकी समजूत होती. आपले कोकण दमट, इथे कोरडी हवा कुठली आणि ठिणगी कुठली; हे सगळे राजस्थान-गुजरातच्या लोकांसाठी. दरवर्षी कोणी ना कोणी नवा गडी ही अक्कल पाजळीत असे.

“ओलावा हवेत हाय,” हरिश्चंद्र म्हणत. “ड्रमातल्या टोल्युइनला पाण्याचं वावडं. तुझ्या अकलेसारखं. बाहेर पाऊस, आत ठणठणीत.”

जांभ्याची जमीन वैशाखात भाजून निघे आणि कोरडी जमीन वीज ओढून घेत नाही, म्हणून तेव्हा ते रोज सकाळी त्या अंगणातल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतीत. माणसे पाठीमागे त्याला ‘हरीकाकांची तुळस’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते. “प्रदक्षिणा घाला म्हणावं,” ते म्हणत, “निदान पाय तरी चालतील.”

अशा माणसाच्या एकुलत्या मुलीने, वैष्णवीने, लग्नासाठी त्यांच्याच शेडमधला माणूस पसंत करावा, हा तिच्या धैर्याचा भाग की अविचाराचा, हे घरात ठरत नव्हते. दीपक भुवड पालीचा, दोन वर्षांपासून भरण्यावर होता. चुणचुणीत, जरा फाजील बोलणारा. येसूबाईंनी नवऱ्यासमोर विषय काढला तेव्हा ते जेवत होते.

“तो? त्यानं परवा चिमटा ड्रमच्या लेबलावर लावलान्. कागदावर.”

“लेबलावर लावला म्हणून लगीन मोडायचं?”

“दात पत्र्यात रुतायला हवेत. रंग फुटून खालचा पांढरा पत्रा दिसायला हवा. हा आपला दांडीवर कपडे वाळत घातल्यासारखा लावून मोकळा. अशा माणसाच्या हाती पोरगी देऊ?”

“पोरीला नवरा पायजे,” येसूबाई म्हणाल्या, “चिमटा नको.”

“दोन्ही सारखंच. पकडून धरतो की नुसता लटकतो, तेवढंच बघायचं.”

वैष्णवी आतल्या खोलीत होती. तिच्या हातातले भांडे जरा जोरात ठेवले गेले. वर्ष संपेपर्यंत होकार मिळाला नाही तर दीपकच्या घरचे दुसरीकडे बघणार होते, हे तिघांनाही माहीत होते. मधले महिने असेच गेले. ‘कपडे वाळत घालतोस काय’ हे शेडमध्येही ऐकून घेतल्यावर दीपकने लेबलावर पुन्हा कधी चिमटा लावला नाही. उलट चिमटा लावला की वाकून काठावरचा व्रण पाही आणि मोठ्याने म्हणे, “रुतला, काका.” ती टवाळी आहे की आज्ञापालन, हे हरिश्चंद्रांना उमगत नसे, आणि न उमगणाऱ्या गोष्टींना ते टवाळीच समजत.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असे. पाने, पकडी, पंप, तराजू सारे धुऊन पुसून मांडायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचे. त्या वर्षी मॅनेजर अनिल सामंत यांनी रंगकाम काढले होते. रंगाऱ्यांच्या हातांना हरिश्चंद्रांनी आपल्या चिमट्याच्या आसपासही फिरकू दिले नाही. “तुम्ही भिंती रंगवा,” ते म्हणाले, “त्या मुक्या आहेत.” आणि सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी स्वतः, दात घासायच्या ब्रशने, चिमटा रॉकेलने धुतला, पुसला आणि चंदेरी रंगाचे दोन हात दिले. जबड्याला, पाठीला, दातांच्या खाचाखाचांत. ब्रश जिथे पोचेना तिथे काडीने. पूजेत तो इतका लखलखला की सामंत साहेबांनी त्याचाच फोटो काढला. हरिश्चंद्रांनी मान वळवली, कारण हसू दिसणे त्यांना परवडणारे नव्हते.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला तो मालाच्या घाईत. ट्रक फाटकात उभा, साहेब फोनवर, हवा घामट. दीपकने पहिला ड्रम पाइपाखाली सरकवला, चिमटा लावला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

“काय, पूजा करतोस?” हरिश्चंद्र म्हणाले. “बूच काढ.”

“रुतला नाही, काका.”

“डोळे रुतवून बघ. चांदीसारखा चमकतोय.”

“तेच म्हणतो.” दीपक उभा राहिला. “काठावर व्रण नाही. दात बोथट वाटतात. खाचा भरल्यात.”

“मी लावून दाखवू?”

“लावा.”

हरिश्चंद्रांनी चिमटा स्वतः लावला, दाबून, दोनदा. ड्रमच्या जुन्या रंगावर एक गुळगुळीत चंदेरी डाग उमटला, आणि काही नाही. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ही वेळ ‘असू दे, आज एवढा ड्रम जाऊ दे’ म्हणण्याची होती, आणि शेडमधल्या प्रत्येक माणसाच्या ओठावर तेच होते. हरिश्चंद्रांच्या ओठावरही ते आले होते. कारण चिमटा त्यांचा होता, रंग त्यांचा होता, आणि समोर उभा होता तो लेबलवाला.

“बूच काढ,” ते म्हणाले, पण आवाज पूर्वीचा नव्हता.

“नाही काढणार,” दीपक म्हणाला. “मुलगी देऊ नका. पण हा ड्रम मी भरणार नाही. कपडे वाळत घातलेत, काका.”

शेडमध्ये कोणी हसले नाही. हसण्यासारखे होते, पण तेवढे धैर्य कोणाकडे नव्हते.

इलेक्ट्रिशियन दर्शनला बोलावले. ड्रम रिकामा आणि बंद, व्हॉल्व्ह बंद, तरीही त्याने अशा वाफेच्या जागेसाठीचाच खास मीटर आणला होता. एक तार ड्रमच्या खरवडलेल्या काठावर, दुसरी भिंतीवरच्या पट्टीवर. मीटरवर काही आले नाही. दर्शनने तारा पुसल्या, पुन्हा टेकवल्या.

“मार्गच नाही,” तो म्हणाला. “रंग चांदीसारखा दिसतो, पण ते वार्निश आहे. वीज त्यातून जाणार नाही.”

फोन खिशात टाकून सामंत साहेब आले. “रंग कोणी दिला?” त्यांनी विचारले. त्यांनीच फोटो काढला होता, हे बहुधा ते विसरले होते. चिमट्याच्या वायरीला झेंडूची सुकलेली माळ अजून लटकत होती, आणि सगळे त्या माळेकडे पाहत होते.

“मी,” हरिश्चंद्र म्हणाले. “देव नटवतात तसा नटवला. गाढवपणा केला. आणि तुम्ही त्याचा फोटो घेतलात, म्हणजे दोघं झालो.”

साहेबांनी स्टोअरची किल्ली पुढे केली. स्टोअरमधून कोरा चिमटा निघाला. दर्शनने तो वायरीला जोडला, दीपकने ड्रमला लावला. करकर आवाज झाला, रंग फुटला, खालचा पत्रा दिसला. मीटरवर विजेच्या अडथळ्याचा आकडा उमटला, अगदी खालचा, आणि खालीच राहिला. पाइप तळापर्यंत सोडून, आधी संथ, मग जरा मोकळा, असा भरणा सुरू झाला. हरिश्चंद्रांनी दिवसभर कोणाला काही म्हटले नाही. ही शांतता माणसांना त्यांच्या बोलण्याहून अवघड गेली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चंदेरी चिमटा ओटीवर ठेवला आणि कानस घेऊन बसले. येसूबाईंनी चहा आणला.

“हे काय चाललंय विचारायची सोय नाय,” त्या स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाल्या.

“दात उघडे करतोय.” कानस थांबली. “तो पालीचा. उद्धट हाय.”

“हाय तर.”

“माझ्यासमोर माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलान्. चारचौघांत.”

येसूबाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. दाराआड वैष्णवीची बांगडी वाजली आणि थांबली.

“त्याच्या बापाला सांग, दिवाळीनंतर येऊन जा म्हणावं,” हरिश्चंद्र म्हणाले, “आणि वैष्णवीला सांग, माणूस फाजील हाय, जन्मभर वाकून बघत बसेल.” मग चिमट्याच्या खाचेत साचलेला चंदेरी भुगा त्यांनी फुंकरीने उडवला. “पण सोडायचा नाय म्हणावं. रुतलाय.”