शंभर टक्के डिलिव्हरी

ताईच्या शेजारच्या खुर्चीत बसून माझं अर्धं आयुष्य गेलं. दोघी डीलर. म्हणजे काय, तर ब्रोकरच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसायचं, कानाला फोन लावायचा आणि लोक सांगतील ते शेअर घ्यायचे, विकायचे. बाजार उघडला की पाणी प्यायला उठता येत नाही आणि बंद झाला की उठवत नाही. आमचा मालक याला अनुभव म्हणतो. त्याला काय जातंय म्हणायला!

बाजार बंद झाल्यावर मी पर्स उचलायची, पण ताई बसून राहायची. संध्याकाळी एक्सचेंज डिलिव्हरीचे आकडे टाकतं, ते बघितल्याशिवाय तिला घर आठवायचं नाही. एखाद्या शेअरचे दिवसभरात लाखभर सौदे होतात, पण त्यातले कितीतरी सकाळी घेतलेले दुपारी विकून मोकळे. नुसती फिरवाफिरवी. खरोखर कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसले ते किती, हे सांगणारा तो टक्का. "भाव काय, चार टगेही वर नेतात," ताई म्हणायची. "शेअर घरी कोण नेतंय ते बघायचं."

एकदा एका केबलच्या कंपनीवरून ऑफिसात नुसता कल्ला चाललेला. नेहमीच्या चौपट सौदे, भाव चढलेला. एरवी त्यात चाळीसेक टक्के डिलिव्हरी असायची, त्या दिवशी निघाली अकरा. ताईने मान हलवली. दोन दिवसांत भाव होता तिथे परत. उलट एका पाइपवाल्या कंपनीत भाव जेमतेम हलला होता, पण सौदेही वाढले आणि टक्काही साठच्या वर गेला, तोही आठवडाभर रोज. तेव्हा ती आपल्या दादाला म्हणाली, "विकू नकोस. कुणीतरी शांतपणे गोळा करतंय." दादाने ठेवले आणि त्याचं भलं झालं. तिथेच घोळ झाला. दादाला वाटलं, किल्ली सापडली.

दादा म्हणजे ताईचा सख्खा थोरला भाऊ. छापखान्यातून निवृत्त झालेला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. दोन खोल्यांत भाड्याने राहायचा आणि त्या खोल्यांवर त्याचा भलता जीव. आता घरमालकाने त्या विकायला काढल्या. घेणार असशील तर पहिला हक्क तुझा, म्हणाला, पण वर्षअखेरपर्यंत. दादाच्या फंडाच्या पैशात थोडं कमी पडत होतं. फार नाही. आणि हे 'फार नाही' म्हणजे माणसाला खड्ड्यात घालणारी चीज आहे, माझं स्पष्ट मत आहे.

एका सकाळी बाजार उघडायच्या आधीच दादा आमच्या टेबलापाशी हजर. चेहरा खुललेला. ताईला म्हणाला, "चिमे, हे बघ. रसायनांची कंपनी. रोज भाव वर आणि डिलिव्हरी किती? शंभर टक्के! एकही माणूस त्याच दिवशी विकत नाहीये."

ताईने स्क्रीनवर नाव टाकलं आणि डोळे मिटून घेतले. "अरे दादा, विकत नाहीये नव्हे, विकता येत नाही. भाव फार उधळला म्हणून एक्सचेंजने हा शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये टाकलाय. तिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी घ्यावीच लागते. टक्का शंभरच येणार. उद्या त्यात दहाच सौदे झाले तरी शंभर. त्यातून काही कळत नाही."

"सक्तीने असो नाहीतर हौसेने, लोक घरी नेतायत ना?"

"नेतायत. पण कशाला, ते नाही कळत."

"पाइपच्या वेळी बरं कळलं तुला."

"तिथे फिरवाफिरवी करायला मोकळीक होती. तरी लोकांनी घरी नेले, म्हणून कळलं."

मला वाटलं, आता तरी उजेड पडेल. कसला पडतोय! दादा खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "त्या खोल्यांत मी राहिलेलं तुला नकोय का?" ताईचा चेहरा उतरला. वाटलं, त्याला तिथेच चार शब्द सुनवावेत. पण भावाबहिणीत तोंड घालायची सोय नसते. खातं त्याचं, पैसा त्याचा. त्याने ऑर्डर दिली, तिने टाकली.

गंमत अशी की शेअर मिळेचनात. भाव उघडताच एक्सचेंजने दिवसाला ठरवलेल्या पाच टक्क्यांच्या वरच्या मर्यादेला चिकटायचा, घेणाऱ्यांची ही रांग आणि विकणारा एकही नाही. संध्याकाळी ऑर्डर आपोआप रद्द. दुसऱ्या सकाळी दादाचा फोन, पुन्हा ऑर्डर, पुन्हा रांग. दादा चिडायचा आणि ताई निवांत असायची. त्या दिवसांत ती डबा खाताना हसलीसुद्धा. "असंच वर्ष संपू दे," म्हणाली. "लागेल ते कमीजास्त मी बघेन. माझे दागिने काय कपाटाला घालायचेत?" हे तिने दादाला आधी का सांगितलं नाही, विचारलं, तर म्हणाली, "बहिणीचे घेणार नाही तो. मानी आहे मेला."

मग एका सकाळी बाजार उघडला आणि दादाची अख्खी ऑर्डर एका दमात भरली. शेवटच्या शेअरपर्यंत. फोनवर दादा पोरासारखा ओरडला, मलासुद्धा ऐकू आलं. ताईने फोन ठेवला.

"मिळाले ना?" मी विचारलं.

"इतके दिवस एक मिळत नव्हता. आज सगळे मिळाले. म्हणजे कुणीतरी आज पोतं उपडं केलं."

संध्याकाळी टक्का अर्थात शंभर. दुपारपर्यंतच भाव वरून सुटून खालच्या मर्यादेला टेकला होता. दादाला त्या दिवशी विकायचीही सोय नव्हती, ट्रेड-टू-ट्रेडमधले शेअर खात्यात आल्याशिवाय विकताच येत नाहीत. आणि आले तेव्हा घेणारा कुणी उरला नव्हता. आता विकणाऱ्यांची रांग. रोज भाव पाच टक्के खाली, रोज सकाळी दादाचा फोन, रोज ताई ऑर्डर टाकायची आणि संध्याकाळी ती रद्द व्हायची. दादा फोनवर एवढंच म्हणायचा, "टाक गं." ती म्हणायची, "टाकली रे." बाकी बोलणं बंद. ऐकून मला रडू यायचं आणि दादाचा संतापही यायचा.

किती दिवस चाललं, मी मोजले नाहीत. फंडाचा निम्म्याहून जास्त पैसा गेला. आता दागिने विकूनही भागणारं नव्हतं. घरमालकाने दुसरं गिऱ्हाईक बघितलं. मग एक दिवस दादा स्वतः आला, ताईच्या शेजारी बसला. भाव आणखी एकदा पडला आणि अचानक ऑर्डर भरली. सगळेच्या सगळे शेअर गेले. ताईने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "सुटलास, दादा."

त्याने भाव विचारला नाही. किती हाती आले तेही नाही. स्क्रीनकडे बघत म्हणाला, "कुणीतरी घरी नेले ना गं आपले?"

"हो."

"कोण असेल?"

"ते त्या टक्क्यात दिसत नाही, दादा."

"त्याला फोन करून सांगता येत नाही ना?" तो म्हणाला.

ताईने त्याचा हात धरला. तेवढ्यात दुसरा फोन वाजायला लागला. तो मी घेतला.