नायट्रोजनपाशी पडलेला खड्डा

पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा दोन वर्षं रिकामी होती, म्हणून अकरावीचं रसायन माझ्याकडे आलं; तेव्हा आमच्याकडे अकरावी झाली की थेट कॉलेज. मी बी.एस्सी., बी.एड., आणि कॉलेजात माझं सगळं लक्ष वनस्पतिशास्त्राकडे. पण नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायची इच्छाही नव्हती. मी पाठ करून शिकवायची. पाठ केलेलं ठणकावून सांगितलं की वर्ग शांत राहतो, एवढं मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

त्या वर्षी तहसिलीचा विज्ञान मेळा सौंसरला होता, माझ्याच जुन्या शाळेत. पहिला येणारा चार्ट छिंदवाड्याला जाणार होता. तिथं दोन दिवस राहायचं, कॉलेजची प्रयोगशाळा बघायची. आमच्या शाळेकडून मी एका मुलीचं नाव दिलं. ती सावरगावची, रोज नदी ओलांडून यायची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. पुढं कॉलेजला पाठवायचं की नाही, यावर घरी बोलणं चाललं होतं. तिनं मला एकदाच सांगितलं होतं की छिंदवाड्याला निवड झाली तर बाबा हो म्हणतील. त्यामुळं हा चार्ट तिच्यासाठी काय होता ते मला पुरतं माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येणार नाही.

विषय मीच दिला: आवर्तसारणीच्या एका आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन अॅफिनिटी कशी बदलते. एकट्या अणूनं बाहेरचा एक इलेक्ट्रॉन घेतला की जेवढी ऊर्जा बाहेर पडते, ती ही अॅफिनिटी. मी वर्गात सांगितलं होतं की ती डावीकडून उजवीकडे वाढत जाते आणि फ्लोरिनची सगळ्यात जास्त. अणू लहान होत जातो, केंद्रकाची ओढ वाढत जाते, म्हणून. वाक्य सोपं होतं आणि मुलींनी तसंच लिहून घेतलं.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक जाड संदर्भग्रंथ होता. त्यातल्या तक्त्यावरून तिनं आकडे उतरवले आणि आलेखाचा कागद घेऊन माझ्याकडे आली. रेघ नव्हतीच, नुसते चढउतार. लिथियमला साठ किलोज्यूल, बेरिलियमला जवळजवळ काहीच नाही, बोरॉनला थोडं, कार्बनला एकशे बावीस, मग नायट्रोजनला पुन्हा शून्यापाशी. तिथून ऑक्सिजन, मग फ्लोरिन एकदम उंच, आणि निऑन सरळ शून्याच्या खाली. उजव्या कोपऱ्यात तिनं क्लोरिनचा एक ठिपका वेगळा काढला होता, फ्लोरिनच्याही वर.

“मॅडम, हे नायट्रोजन खाली येऊन राहिलं न,” ती म्हणाली. “अन् क्लोरिन फ्लोरिनहून जास्त आहे. तीनशे एकोणपन्नास, अन् फ्लोरिन तीनशे अठ्ठावीस.”

मला उत्तर येत नव्हतं. ते मी तेव्हा म्हटलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण माझ्याकडे एक तयार नियम होता. प्रात्यक्षिकात आम्ही मुलींना शिकवत असू की ठिपके मागेपुढे झाले तर घाबरायचं नाही. मोजण्यात थोडी चूक होतेच, मधून गुळगुळीत रेघ काढायची. त्यासाठी आमच्याकडे खराट्याची एक लांब काडी होती. दोन मुलींनी ती ठिपक्यांच्या अंदाजानं वाकवून धरायची आणि तिसरीनं कडेनं पेन्सिल फिरवायची. विद्राव्यतेचे आलेख असेच छान यायचे.

मी तिला तेच सांगितलं. मोजमापात असं होतं, काडी लाव. क्लोरिनचं छापताना चुकलं असेल, मी म्हणाले. फ्लोरिन सगळ्यात तडफदार, म्हणजे झटकन अभिक्रिया करणारं मूलद्रव्य, त्याच्याहून क्लोरिन जास्त कसं असेल?

ती लगेच गेली नाही. वहीचं मागचं पान उघडून तिनं मला दाखवलं. त्या ग्रंथातून वाचून तिनं स्वतःच्या भाषेत लिहिलं होतं. नायट्रोजनच्या बाहेरच्या तीन जागांत एकेक इलेक्ट्रॉन आहे. चौथा आला तर त्याला कुणाच्या तरी जागेत जोडीनं बसावं लागतं, आणि दोघं एकमेकांना ढकलतात. मला आठवतं, मी ते नीट वाचलंसुद्धा नाही. चार्टवर एवढं लिहायला जागा नाही, मी म्हणाले.

तिनं काडी लावली. आलेख देखणा झाला. लिथियमपासून फ्लोरिनपर्यंत एकच चढती रेघ, निळ्या शाईत, ठिपके तिच्यावर सरकवलेले. निऑन मी काढूनच टाकायला लावला, क्लोरिनचा ठिपकाही.

सौंसरला आम्ही सकाळच्या बसनं गेलो. माझ्या जुन्या वर्गात चार्ट लागले होते. मला शिकवलेले एक म्हातारे गुरुजी खास मला बघायला येऊन बसले होते, आणि आमच्या मुख्याध्यापिकाही होत्या. परीक्षक छिंदवाड्याच्या कॉलेजचे प्राध्यापक. हिंदीत बोलायचे, आवाज न चढवता. मार्गदर्शक शिक्षकानं मध्ये बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून मी दोन पावलं मागे उभी होते.

त्यांनी चार्ट पाहिला आणि नायट्रोजनवर बोट ठेवलं. हा ठिपका इथं कसा, असं विचारलं. मग निऑन कुठं आहे, ते विचारलं. ती गप्प राहिली. त्यांनी तिला वेळ दिला, आणि मग समजावून सांगायला लागले. रागावले नाहीत. नायट्रोजनचं त्यांनी जे सांगितलं ते अक्षरशः तिच्या वहीत होतं. बेरिलियमचं असं की त्याची बाहेरची जोडी पूर्ण आहे, नव्या इलेक्ट्रॉनला वरच्या ऊर्जेच्या जागेत जावं लागतं. निऑनचं तर पूर्ण कवचच भरलेलं. येणाऱ्याला पुढच्या कवचात, केंद्रकापासून दूर राहावं लागतं आणि मधले इलेक्ट्रॉन ओढ अडवतात. त्याला धरून ठेवायला उलट ऊर्जा घालावी लागते.

मग त्यांनी विचारलं की सगळ्यात जास्त कुणाची. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चार्टवर होतं तेच सांगितलं, फ्लोरिनची. ते म्हणाले, नाही, क्लोरिनची. फ्लोरिन इतका लहान आहे की त्याच्या सात इलेक्ट्रॉनांची आधीच दाटी आहे, आठव्याला ते ढकलतात. क्लोरिनचं बाहेरचं कवच मोठं, तिथं दाटी कमी. फ्लोरिन तडफदार आहे हे खरं, पण त्याची कारणं दुसरी. त्याच्या रेणूतला बंध लवकर तुटतो, आणि त्याच्या आयनाला पाणी घट्ट धरतं. बंधातल्या इलेक्ट्रॉनांची ओढ म्हणजे विद्युतऋणता, त्यात फ्लोरिन पहिला. ही अॅफिनिटी वेगळी, आणि मुलं दोन्हींची गल्लत करतात.

मुलं, म्हणाले ते. मी मान हलवली.

मग त्यांनी तिला विचारलं की रेघ अशी का काढली, आकडे पाहिले नव्हते का. ती म्हणाली, “चुकलं सर. माझ्याच हातानं झालं.”

एवढ्यावर थांबलं असतं तर मला नियमामागे लपता आलं असतं. पण ते माझ्याकडे वळले आणि विचारलं, मॅडम, आपण हा चार्ट पाहिला होता का? नियम त्यांनीच बाजूला केला होता. बोलायला मला पूर्ण मोकळीक होती. गुरुजी बाकावर बसून ऐकत होते, मुख्याध्यापिका दारात होत्या.

मी म्हणाले, “मुलींचं काम मुलींनीच करावं, म्हणून मी हात लावला नाही.”

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या चार्टकडे गेले. पहिला नंबर लोधीखेड्याच्या शाळेला मिळाला, पाणी गाळायच्या मडक्यांच्या चार्टला.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी आणि मी बाजूला. बराच वेळ मी प्रवासाचंच काहीबाही बोलत होते. शेवटी विचारलं, की वहीतलं तुला येत होतं, मग सांगितलं का नाही? खरं तर हे विचारायला मला तोंड नव्हतं.

“तुमी होत्या न तिथं, मॅडम,” ती म्हणाली. “मले वाटलं तुमी सांगान.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

सोमवारी मी फळ्यावर खरा आलेख काढला, खड्ड्यांसकट, आणि वर्गाला सांगितलं की मी चुकीचं शिकवलं होतं. ते सोपं होतं. चाळीस मुली माझं काय बिघडवणार होत्या? सौंसरला मेळ्याच्या संयोजकांना पत्र लिहायचं मात्र मी टाळलं. निकाल लागला आहे, आता काय उपयोग, अशी स्वतःची समजूत घातली. तिला क्लोरिनचं सांगायला फळ्यापाशी बोलावलं. तिनं येऊन एकही चूक न करता सांगितलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही.

मे महिन्यात तिचे वडील गुणपत्रिका न्यायला आले. रसायनात तिला शाळेत सगळ्यात जास्त गुण होते. त्यांनी माझे आभार मानले, पोरीला सौंसरला नेलं म्हणून. मग म्हणाले, “पण कॉलेजात नाही पाठवत जी. चार लोकांपुढं घाबरली, चार्ट बिघडवला, असं तिनंच सांगतलं. शहरात काय टिकन?”

म्हणजे तिनं घरीसुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. तेव्हा मी सांगितलं. आकडे तिचे बरोबर होते, रेघ मी काढायला लावली, आणि विचारल्यावर मी खोटं बोलले. नायट्रोजन आणि क्लोरिन त्यांना सांगून उपयोग नव्हता, पण खोटं बोलले हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी गुणपत्रिका घडी घालून खिशात ठेवली.

“हे तवाच सांगाले पायजे होतं, बाई,” ते म्हणाले. आधी ते मला मॅडम म्हणत होते.

तिच्या बहिणीचं लग्न तोवर ठरलं होतं आणि घरचं सगळं त्याच बेतानं चाललं होतं, त्यामुळं त्या वर्षी ती गेली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तिला छिंदवाड्याच्या कॉलेजात घातलं. मधलं वर्ष तिनं संत्र्यांच्या बागांत तोडणीला जाऊन काढलं. हंगामात एकदा ती मला बाजाराच्या रस्त्यावर, टोपली डोक्यावर घेऊन जाताना दिसली. तिनं थांबून नमस्कार केला. मी घाईत असल्यासारखं दाखवलं आणि पुढं निघून गेले.