सोळा मिलिमीटरचा दावा

खालच्या जबड्याची उजवी दाढ मी नव्वदच्या दशकात श्रीरामपूरला काढून घेतली आणि पुढची वीस वर्षे ती जागा रिकामी ठेवली. मालकी माझीच असल्यामुळे तिथे अतिक्रमण होणार नाही, असा माझा समज होता. अखेर शेवगावच्या दंतवैद्यांनी संपूर्ण जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे काढला आणि कृत्रिम दाढेसाठी हाडात तेरा मिलिमीटरचा स्क्रू बसवू, असे सांगितले. मात्र शस्त्रक्रियेसाठी नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवले.

बाईंनी आधी कोन बीम सीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, काढायला सांगितले. एक्स-रे असताना दुसरा खर्च कशासाठी, हा प्रश्न मला नागरिक म्हणून पडला. मी पोलादी पट्टीने एक्स-रेवर हाडाच्या माथ्यापासून आतून जाणाऱ्या नसेच्या नळीपर्यंतचे अंतर मोजले. ते सोळा मिलिमीटर भरले. तसे पत्र टंकलिखित करून मी बाईंना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले: सुरक्षिततेसाठी दोन सोडले तरी चौदा उरतात, सबब तेराचा स्क्रू बसवण्यास नकार देणे ही सेवेतील त्रुटी समजली जाईल.

बाईंनी उत्तर पाठवले नाही. भेटीची वेळ पाठवली.

स्कॅनच्या यंत्रात हनुवटी टेकवून, दातांत कांडी धरून मला उभे केले. यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत हलायचे नाही आणि आवंढा गिळायचा नाही. वीसएक सेकंद मी काहीही बोललो नाही. पत्नीने हा क्षण डोळे भरून पाहिला.

नंतर बाईंनी आम्हा दोघांना संगणकासमोर बसवले.

"काका, तुमचं पत्र वाचलं."

मला कोणी दत्तक घेतल्याचा दस्त माझ्या माहितीत नव्हता. तरी ते संबोधन मी तूर्त खपवून घेतले.

"त्या एक्स-रेत सगळं मोठं दिसतं," त्या म्हणाल्या. "किती मोठं, तेही सगळीकडे सारखं नसतं. पट्टी लावून चालत नाही. आता हे बघा. काकडीच्या चकत्या करतो, तशा तुमच्या जबड्याच्या केल्यात. हा लाल ठिपका म्हणजे नसेची नळी. इथून माथ्यापर्यंत साडेबारा."

"साडेतीन मिलिमीटर गेले कुठे?"

"कधी नव्हतेच."

माझे उभे आयुष्य सातबारा आणि प्रत्यक्ष मोजणी यांतला फरक अधिकाऱ्यांना समजावण्यात गेले. तो मला समजावण्याची वेळ एका दंतवैद्यावर यावी, हे न्यायाला धरूनच होते. तेराचा स्क्रू माझ्या पत्राबरहुकूम बसवला असता, तर तो थेट नळीत शिरला असता.

"नसेला इजा झाली तर?" पत्नीने विचारले.

"खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. कधी कायमची. चहा ओघळला तरी कळत नाही."

"या जिल्ह्यात अशी बधिर कार्यालये कैक आहेत," मी म्हणालो. "तिथल्यांना पेन्शनही मिळते." पण हात ओठाकडे गेला होता, हे नाकारता येणार नाही.

"आणि रुंदी तर त्या एक्स-रेत दिसतच नाही," बाई पुढे म्हणाल्या. "तुमचं हाड वर तीनच मिलिमीटर रुंद आहे. चारचा स्क्रू, दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर हाड, म्हणजे सहा तरी हवं. दात गेला की हाडाला काम राहत नाही, ते झिजत जातं."

"विनानोटीस?"

"वीस वर्षं नोटीसच होती, काका."

मी तडजोड सुचवली: वरचा अरुंद भाग तासून टाकावा. खाली तर रुंदी साडेसहा दिसत होती.

"चार मिलिमीटर तासावं लागेल. मग नळीपर्यंत राहतात साडेआठ, दोन सोडले की साडेसहा. आखूड स्क्रू मिळतात, पण तुमच्या दाढेचा भार मी एवढ्याशावर टाकणार नाही. तुम्ही झोपेत दात खाता का?"

"दिवसासुद्धा," पत्नी म्हणाली. "टपाल आलं की."

उरला एकच मार्ग: बाजूने हाडाची भर घालायची, पाचसहा महिने थांबायचे, पुन्हा स्कॅन करून मगच स्क्रू. बाईंनी संमतीपत्र पुढे केले. त्यात ओठाला बधिरता येण्याची शक्यता एका कलमात नोंदवली होती. ते कलम वगळावे, अशी मी मागणी केली.

"कलम वगळलं तरी नस तिथंच राहील," बाई म्हणाल्या. "मी तिच्यापासून लांब राहीन, एवढं सांगते. खात्री देणार नाही."

चाळीस वर्षांत मला इतके सरळ उत्तर कोणत्याही टेबलावरून मिळाले नव्हते. मी ती चकती पुन्हा दाखवायला सांगितली, लाल ठिपका नीट पाहून घेतला, खालचा ओठ दोन बोटांत धरून दाबला. दुखला. मग एकही शब्द न खोडता सही केली.

"बरं वाटत नाहीये का?" पत्नीने विचारले.