तुझं मत तूच दे

रेणापूरच्या आमच्या कॉलेजात नवमतदार नोंदणीचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी चांगलीच कुरकुर केली. मराठी शिकवते, म्हणून फलकावरच्या ओळीही मीच लिहायच्या. तहसीलचा निरोप होता: ओळी छोट्या हव्यात, पक्ष नको, उमेदवार नको, चिन्ह नको.

मी लिहिलं, 'परिवर्तनासाठी मतदान करून राष्ट्राच्या उभारणीस हातभार लावा.' लेक लातूरहून सुट्टीला आलेली. म्हणाली, "मम्मी, लई लांबलंय हे. अन् परिवर्तन म्हणजे आत्ता हायेत त्यांना पाडा, असं होतंय. काढ ते." मला राग आला. पण तिनं पेन घेऊन तीन ओळी लिहिल्यासुद्धा: 'अठरा भरले? नाव घाल.' 'कार्ड असलं तरी यादी बघ.' 'तुझं मत तूच दे.'

"तिसरीत काय एवढं?" मी विचारलं.

"हॉस्टेलातल्या निम्म्या पोरी म्हणतात, घरचे सांगतील त्याला देऊ."

सतरा झाले की आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून सहा नंबरचा पहिला फॉर्म तिचाच भरला. जन्माचा दाखला, आधार, फोटो. फोटो नीट नाही म्हणून मी तिला परत स्टुडिओत पिटाळलं. केवढी वैतागली होती. अठरा भरल्यावर नाव यादीत चढलं, आणि थोड्याच दिवसांत तिला डेंग्यू झाला. दवाखान्यात पाच दिवस, बस. ती गेल्यावर महिन्यानं पोस्टमन तिचं मतदार कार्ड घेऊन आला. सही मी केली.

मग आमच्या भागातल्या मतदारयादीचं काम बघणारी अंगणवाडीची बाई आली. "म्याडम, सात नंबरचा फॉर्म भरावा लागतंय. नाव कमी करायला."

"सगळ्या गावात तुला हेच नाव दिसलं का गं?" मी तिला दारातूनच हाकललं. बिचारी फॉर्म ओट्यावर ठेवून गेली.

लातूरच्या कॉलेजानं लेकीचं नाव काढलं होतं, हॉस्टेलनंही. एवढी एकच जागा उरली होती. मी रोज मोबाईलवर यादी उघडायची. माझ्या नावाखाली तिचं नाव, वय अठरा. तेवढं बघितलं की दिवस ढकलता यायचा.

निवडणूक जवळ आली. वर्गात एका पोरीनं विचारलं, "म्याडम, मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं तर?"

"तर त्याच्या नावावर दुसरंच कुणी मत टाकून जाऊ शकतं," मी सवयीनं बोलून गेले. समोरच्या भिंतीवर माझ्या लेकीची तिसरी ओळ रंगवलेली होती: 'तुझं मत तूच दे.' मी तास तिथंच संपवला.

घरी येऊन फॉर्म भरला. मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स लावली. कारणाच्या रकान्यात 'मृत्यू' लिहिलं, आणि फॉर्म अंगणवाडीच्या बाईला नेऊन दिला.

मतदानाच्या दिवशी अधिकाऱ्यानं माझं नाव मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लागली. मी उगाच क्षणभर थांबले. मग त्यानं माझ्या मागच्या बाईंचं नाव वाचलं. माझ्या लेकीचं नाव कुणीच घेतलं नाही. कुणी घेऊ नये, म्हणूनच तर मी ते खोडलं होतं.